दावा नाकारल्याचे पत्र पुन्हा लिहून काढताना

माधवनगरातल्या माझ्या दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णांचे कुटुंबीय औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर कधीकधी विमा कंपनीचे पत्रही पुढे करतात. मजकूर बहुधा इंग्रजीत आणि दोन-तीन ओळींचाच असतो : ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार आपला दावा देय नाही. रुग्णाचे दाखल होणे प्रामुख्याने तपासण्यांसाठी होते.’ एवढ्यावरून कुटुंब निराश होते आणि कागद कपाटात जातो. असे पत्र आपल्या भाषेत पुन्हा लिहून काढले, तर पुढची वाट दिसू लागते. कसे, ते एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहू.

एकाहत्तर वर्षांच्या आजी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. चार दिवस उलट्या, मग असंबद्ध बोलणे आणि तोल जाणे. रुग्णालयात रक्तातील सोडियम ११६ निघाले. ते १३५च्या वर असायला हवे. अर्धांगवायूची शंका फेडण्यासाठी मेंदूचा एमआरआय झाला, तो निर्दोष आला. तीन दिवस शिरेतून तीव्र क्षाराचे सलाईन देऊन आजी शुद्धीवर आल्या. मात्र डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिले गेले ‘चक्कर, तपासणीसाठी दाखल’, आणि कंपनीने नेमके तेच शब्द उचलले.

आता कोऱ्या कागदावर चार वाक्ये लिहावीत. कंपनीने कोणती वस्तुस्थिती धरली? कोणते कलम लावले? ती वस्तुस्थिती त्या कलमात कशी बसते? आणि दाद कोठे मागायची? आजींच्या पत्रात पहिल्याचे उत्तर आहे, उरलेल्या तीन जागा मोकळ्या राहतात. त्या मोकळ्या जागाच कंपनीला विचारायच्या असतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील विशिष्ट अटीचा संदर्भ देऊन तपशील कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि दावे फेरतपासणी समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही. म्हणून कलमाचा क्रमांक व शब्द लेखी मागावेत. लेखीच, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात म्हटले आहे की नाकारणीच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. फोनवरच्या गोड आश्वासनाला हा आधार मिळत नाही.

येथे लागणारे कलम सर्व आरोग्य पॉलिसींत एकसारखे असते. त्याचा सांकेतांक ‘एक्सल ०४’. केवळ निदान व तपासणी हाच मुख्य हेतू असलेले दाखल होणे ते वगळते. सध्याच्या आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्यांचा खर्चही वगळते. म्हणजे सारा वाद ‘मुख्यतः’ आणि ‘केवळ’ या शब्दांवर येऊन ठेपतो. पुन्हा लिहिलेले पत्र असे होईल :

‘आपण एक्सल ०४ लावून दावा नाकारला आहे. रुग्णास सोडियम ११६ व असंबद्ध बोलणे या कारणांनी दाखल केले. तीन दिवस शिरेतून उपचार झाले, हे औषध-तक्त्यावरून दिसते. सोडियम वेगाने वाढल्यास मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी रक्त तपासणे हा उपचाराचाच भाग होता. एमआरआय याच लक्षणांसाठी झाला. म्हणून हे कलम लागू होत नाही.’

सोबत औषध-तक्ता, सोडियमचे सर्व अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे स्पष्टीकरणपत्र जोडावे. जुन्या कार्डावर खाडाखोड करून घेऊ नये. त्याने खरी बाजूही संशयास्पद होते. आतील कागदपत्रांची मागणी रुग्णालयाकडे लेखी करावी. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवीत. तक्त्यात सलाईन-औषधांची नोंदच नसेल आणि दोन दिवस फक्त तपासण्याच झाल्या असतील, तर मात्र कंपनीचे म्हणणे बरोबर ठरू शकते, आणि मग दमछाक करण्यात अर्थ नाही.

हे पत्र प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावे आणि पोच घ्यावी. bimabharosa.irdai.gov.in या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. सांगली जिल्ह्यासाठी ते पुण्यात आहेत. तेथे शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधील असतो. आपल्याला तो अमान्य असल्यास ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. फक्त एक पाहावे : ग्राहक आयोगात हेच प्रकरण आधी दाखल झाले असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत. लोकपालाकडे जाण्याची मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष असते, म्हणून पत्र आले त्या दिवशीच लिफाफ्यावर तारीख टाकून तो जपून ठेवावा.