एकाच घरात नागरिक आणि परका

नागरिकत्व कसे मिळते आणि कसे जाते, हा नागरिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतला नेहमीचा प्रश्न. उत्तरही पाठ असते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार ते जन्म, वंश, नोंदणी, नैसर्गिकीकरण किंवा प्रदेशाचा समावेश यांपैकी एका मार्गाने मिळते. आणि त्याग, समाप्ती किंवा हिरावणे यांपैकी एका मार्गाने जाते. हे उत्तर चूक नाही. मात्र नागरिक, रहिवासी आणि स्थलांतरित या तीन शब्दांतला फरक त्यातून कळत नाही. तो कळण्यासाठी दक्षिण कोलकात्यातील बिजयगढ किंवा आझादगढसारख्या, फाळणीनंतर निर्वासितांनी उभारलेल्या एखाद्या वसाहतीत जावे लागेल.

अशा वसाहतीतील एक कुटुंब कल्पू. आजीचा जन्म १९३० चा, बारिसालमधला. पूर्व बंगालात उसळलेल्या दंगलींनंतर, मार्च १९५० मध्ये ती सियालदह स्थानकात उतरली. त्या दिवशी ती निःसंशय स्थलांतरित होती आणि काही दिवसांतच कोलकात्याची रहिवासीही झाली. पण ती नागरिक होती काय?

राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही रेषा आखली. ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अविभाजित भारतातला होता, त्यांच्यापैकी या तारखेपूर्वी येऊन इथेच राहिलेले आपोआप नागरिक ठरले. नंतर आलेल्यांना सहा महिने राहून, घटना लागू होण्यापूर्वी अर्ज करून, नोंदणी करून घ्यावी लागणार होती. याचा अर्थ, जुलै १९४९ च्या अखेरीनंतर आलेल्यांसाठी घटनेतले दार बंदच होते. ही तारीख आली कुठून, तर त्याच सुमारास पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवान्याची सक्ती झाली होती, तिथून. पूर्वेच्या सीमेवर मात्र असा परवाना नव्हता. तिथे पासपोर्टची सक्तीही ऑक्टोबर १९५२ मध्ये आली. पंजाब आणि सिंधच्या सीमेवरील कारभारातून जन्मलेली तारीख बंगाललाही जशीच्या तशी लागू झाली. बंगालमधील निर्वासितांचे लोंढे तर पुढे कित्येक वर्षे येतच राहिले. उल्हासनगरच्या सिंधी निर्वासिताचा आणि बिजयगढच्या बंगाली निर्वासिताचा कागदोपत्री इतिहास वेगळा आहे, तो यामुळे.

त्यामुळे आपल्या कुटुंबातील आजी १९५० मध्ये रहिवासी होती, पण नागरिक नव्हती. १९५५ च्या कायद्याने तिला वाट दिली. अविभाजित भारतात जन्मलेल्या आणि इथे सहा महिने राहिलेल्या व्यक्तीने अर्ज करावा आणि नोंदणीने नागरिक व्हावे, अशी ती तरतूद होती. (ही मुदत पुढे वाढत जाऊन आता सात वर्षांची झाली आहे.) मात्र अनेकांना याची गरजच वाटली नाही. शिधापत्रिका मिळाली, मतदारयादीत नाव आले, मग आणखी कसला अर्ज करायचा, असा साधा हिशेब होता. आजच्या अनेक घरांतला पेच तिथे सुरू होतो.

याचे कारण असे की, त्यांतील बहुतेक कागद रहिवासाचे असतात. आधार कायद्यात तर ‘रहिवासी’ म्हणजे अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती, आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. मतदारयादीची गोष्ट जराशी निराळी. तीत नाव येण्यासाठी त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावे लागते आणि नागरिकही असावे लागते. म्हणून यादीतील नावाला वजन आहे. पण ते नाव नागरिकत्व निर्माण करत नाही. चाळीस वर्षे कोलकात्यात राहून कोणी आपोआप नागरिक होत नाही.

याच आजीचा मुलगा १९५८ मध्ये कोलकात्यात जन्मला. त्याच्यासाठी आईच्या नोंदणीचा प्रश्नच उद्भवत नाही. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेले मूल, परकी राजदूतांची मुले यांसारखे मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक आहे. आईवडील कोण, हे कायदा विचारत नाही. त्याचा मुलगा १९९० चा. तोवर नियम बदलला होता आणि आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले होते. वडील नागरिक आहेत, म्हणून तोही आहे. आजीचे कागद हरवले म्हणून नातवाचे नागरिकत्व जात नाही. त्याला आधार मधल्या पिढीच्या जन्मतारखेचा आहे.

आता शेजारचे घर पाहू. नवरा-बायको १९८१ मध्ये कागदपत्रांविना सीमा ओलांडून आले. त्यांचा थोरला मुलगा १९८४ मध्ये कोलकात्यात जन्मला, धाकटा १९८९ मध्ये त्याच घरात. थोरला नागरिक आहे. धाकटा नाही, कारण त्याच्या जन्मावेळी आईवडिलांपैकी कोणीही नागरिक नव्हते. दोघांची शाळा एक, भाषा एक, पत्ता एक. धाकट्याने आयुष्यात कधी सीमाही ओलांडलेली नाही. २००३ च्या दुरुस्तीने कायद्यात आणलेला ‘बेकायदा स्थलांतरित’ हा शब्द भारतात ‘प्रवेश’ केलेल्या परकीयासाठी आहे. इथेच जन्मलेल्याने प्रवेश केला तरी कधी? प्रश्न शाब्दिक वाटेल, पण ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व त्यावर अडते. कारण आता एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावाही लागतो.

हे कुटुंब हिंदू असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने त्याला वाट आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना हा शब्द लागू होत नाही, आणि अर्ज मंजूर झाल्यास ते प्रवेशाच्या दिवसापासून नागरिक मानले जातात. कुटुंब मुस्लीम असेल, तर ही वाट नाही. घर, गल्ली, आगमनाचे वर्ष सारे तेच असताना उत्तर बदलते. माझ्या मते हा फरक समर्थनीय नाही.

नागरिकत्व जाण्याबाबतही रहिवासाशी अशीच गल्लत होते. आजीचा एखादा नातू वीस वर्षे लंडनमध्ये राहिला, तरी भारतीय नागरिकच असतो. ज्या दिवशी तो स्वेच्छेने ब्रिटिश नागरिकत्व घेतो, त्या दिवशी मात्र नवव्या कलमाने त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, सरकारने वेगळा आदेश काढला नाही तरी. पुढे मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड ते परत देत नाही. दहाव्या कलमाने सरकार नागरिकत्व हिरावू शकते, पण ते प्रामुख्याने नैसर्गिकीकरणाने किंवा नोंदणीने नागरिक झालेल्यांचे. जन्माने नागरिक असलेल्यांचे नाही. आणि घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाखाली किंवा १९५५ च्या कायद्यातील वर सांगितलेल्या तरतुदीखाली नोंद झालेले लोक या कलमातून मुद्दाम वगळले आहेत. फाळणीने विस्थापित झालेल्यांना पुन्हा उखडू नये, एवढी जाण त्या कायद्यात होती. १९५७ मध्ये आजीने नोंदणी केली असती, तर तिला हे कवच मिळाले असते.

परकीय असल्याचा आरोप झाला, तर आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच असतो. तेव्हा १९८४ च्या थोरल्या भावाला दाखवावी लागेल ती जन्मनोंद. तो रुग्णालयात जन्मला असेल, तर कोलकाता महापालिकेच्या दप्तरात ती सापडण्याची शक्यता बरी. वसाहतीतल्या खोलीत दाईच्या हाती जन्मला असेल आणि नोंद करायला कोणी गेलेच नसेल, तर कायद्याने नागरिक असलेला थोरला आणि नसलेला धाकटा, दोघेही एकाच रांगेत उभे असतात.