वर्म बदलताना व्हर्निअर काय सांगतो

जुन्या होइस्टच्या गिअरबॉक्समधला वर्म झिजला आहे, ड्रॉइंग हरवलेलं आहे आणि नवा वर्म करून घ्यायचा आहे. मोजायला हातात व्हर्निअर तेवढा आहे. तेवढा पुरतो.

आधी वर्मच्या टोकाकडून पाहून तिथे किती आटे सुरू होतात ते मोजायचं. एकच असेल तर सिंगल स्टार्ट, दोन असतील तर डबल. आपला सिंगल आहे असं धरू. मग अक्षाला समांतर चार पिचांचं अंतर मोजायचं, कारण एकाच पिचच्या मापात झिजेमुळे फसायला होतं. ते ५०.३ मिलिमीटर भरलं, म्हणजे एक पिच सुमारे १२.५७. त्याला ३.१४१६ ने भागलं की ४ येतात. हे अक्षीय मॉड्यूल.

वर्म एक फेरा फिरला की आटा अक्षाच्या दिशेने जेवढा सरकतो ती लीड, म्हणजे पिच गुणिले स्टार्ट. इथे स्टार्ट एकच, म्हणून लीडही १२.५७. डबल स्टार्टमध्ये शेजारच्या आट्यांतलं अंतर तेवढंच राहतं, पण लीड २५.१३ होते. लेथवर गिअर लावताना लीड धरायची असते. पिच धरली तर नेमकी निम्मी लीड कापली जाते.

लीड अँगलसाठी मात्र मॉड्यूल आणि स्टार्ट पुरत नाहीत, वर्मचा पिच व्यास लागतो, आणि तो डिझायनरने स्वतंत्रपणे ठरवलेला असतो. नेहमीच्या प्रमाणात आट्याचा माथा पिच व्यासावर एक मॉड्यूल उंच असतो. बाहेरचा व्यास ४८ भरला, तर दोन्ही बाजूंचे मिळून ८ वजा करून पिच व्यास ४०. आता आट्याचा एक फेरा उलगडून कागदावर पसरला, तर काटकोन त्रिकोण मिळतो: पाया ४० व्यासाचा परीघ म्हणजे १२५.६६, उंची लीड १२.५७. चढ दहास एक, म्हणजे कोन ५.७१ अंश. डबल स्टार्टला तोच ११.३१ होतो.

चाकाला ४० दाते असतील तर त्याचा पिच व्यास ४० गुणिले ४, म्हणजे १६०. दोन्ही व्यासांची बेरीज २००, तिचा निम्मा १००: हे सेंटर डिस्टन्स. गिअरबॉक्सच्या बोअरांमधलं अंतर याच्याशी जुळलं, तर हिशेब बहुधा बरोबर आहे.

बहुधा म्हणतो, कारण या बेरजेत स्टार्ट कुठेच येत नाहीत. त्याच व्यासाचा डबल स्टार्ट वर्मही त्याच पेटीत आरामात बसतो. होइस्ट दुप्पट वेगाने चालेल अशा आशेने कोणी तो बसवला, तर चाकाचे दाते अजून ५.७१ अंशांनीच तिरके असतात. मग स्पर्श दाताच्या कडेला होतो. वर्मला निळा रंग लावून फिरवलं की डाग मधोमध न पडता कोपऱ्यांत पडतात, आणि तसंच चालवलं तर तेलात ब्राँझची सोनेरी चमक दिसू लागते. स्टार्ट बदलायचे तर चाकही त्याच वर्मच्या मापाच्या हॉबने नवं कापून घ्यावं लागतं. शिवाय ११ अंशांना भार वर्मला उलटा फिरवू शकतो. ५.७१ अंशांवरही तेल आणि थरथर असताना भार घसरू शकतो, म्हणून होइस्टला ब्रेक दोन्ही वेळी हवाच.