शयनगृहाला संलग्न स्नानगृह जोडणे

संलग्न स्नानगृह म्हणजे शयनगृहातूनच प्रवेश असलेले, शौचकूप व न्हाणीघर एकत्र असणारे स्नानगृह होय. महाराष्ट्रातील जुन्या घरांत न्हाणीची मोरी स्वयंपाकघराजवळ किंवा मागील दारी आणि शौचालय घराबाहेर असे. त्यामुळे अशा घरांत नंतर केलेले संलग्न स्नानगृह बहुधा मूळच्या खोलीचा एक कोपरा घेऊनच उभारले जाते. नव्या इमारतीत स्नानगृहाखालील स्लॅब आधीच खोलगट टाकलेला असतो व नळ्या त्या खोलगट भागात बसतात. शयनगृहाखालचा स्लॅब मात्र सपाट असतो. या कामातील बहुतेक अडचणी या एका फरकातून उद्भवतात.

जागेची निवड

स्नानगृहाचा कोपरा खोलीच्या सोयीपेक्षा सांडपाण्याच्या उभ्या नळीवरून ठरवणे इष्ट असते. ज्या बाहेरील भिंतीवर मैल्याची व सांडपाण्याची उभी नळी आहे, त्याच भिंतीला लागून स्नानगृह घेतल्यास आडव्या नळ्या आखूड राहतात आणि झरोक्यासाठी बाहेरची भिंतही मिळते. शयनगृहाची एकमेव खिडकी स्नानगृहाच्या आत जाईल अशी रचना टाळावी लागते, अन्यथा झोपण्याची खोली कोंदट होते. सदनिकेत खालच्या मजल्यावर दुसऱ्या कुटुंबाची खोली असते. म्हणून तेथे स्थानिक प्राधिकरणाची व गृहनिर्माण संस्थेची परवानगी आणि संरचना अभियंत्याचा सल्ला या पूर्वअटी ठरतात.

उताराचे गणित

फरशीची उंची कमोडमुळे वाढवावी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. मागे आडवे तोंड असलेल्या कमोडचा निकास तयार फरशीपासून सुमारे 180 मिलिमीटर उंचीवर असतो. तो थेट बाहेरच्या भिंतीतून काढता येतो व फरशीखाली जातच नाही. खरी अडचण नहाणी ट्रॅपची, म्हणजे न्हाणीचे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालील भांड्याची असते. त्यात 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते व तेच गटारातील वायू घरात येण्यापासून रोखते. हे भांडे उथळ घेतले तरी त्याला काही खोली लागतेच.

बंगल्याच्या पहिल्या मजल्यावरील शयनगृहात 1.2 × 2.1 मीटरचे स्नानगृह करावयाचे आहे, असे मानू. ट्रॅपपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत 1.2 मीटर अंतर असून नळी 75 मिलिमीटर व्यासाची आहे. ट्रॅपमधील 50 मिलिमीटर पाणी, त्याखालील वाट व भांड्याची जाडी मिळून सुमारे 40 आणि बैठकीचा मसाला 10 हे धरल्यास निकासनळीचा तळ स्लॅबपासून 100 मिलिमीटर उंच येतो. त्यावर नळीचे 75 आणि मसाला व फरशीचे 35 मिळवले की जाळीपाशी फरशी स्लॅबपासून 210 मिलिमीटरवर येते. फरशीला जाळीकडे 1:80 उतार दिल्यास 1.6 मीटर दूरच्या कोपऱ्यात आणखी 20 मिलिमीटर वाढतात, म्हणजे एकूण 230. शयनगृहाची फरशी स्लॅबच्या 50 मिलिमीटर वर असेल, तर स्नानगृह तिच्यापेक्षा 180 मिलिमीटर उंच, म्हणजे एक पायरीभर वर राहते. वृद्धांच्या खोलीत ही पायरी आराखड्यातच विचारात घ्यावी लागते.

या हिशेबात नळीचा उतार कोठेच वाढीव उंची मागत नाही. 1:40 या नेहमीच्या उताराने नळी 1.2 मीटरमध्ये केवळ 30 मिलिमीटर खाली येते, आणि तिचा तळ तर 100 मिलिमीटरवरून निघालेला असतो. भिंतीपाशीही तो स्लॅबच्या 70 मिलिमीटर वर राहतो व नळी तुळईच्या माथ्यावरून विटकामातून बाहेर पडते. साधारण तीन मीटरच्या पुढे मात्र प्रत्येक मीटरमागे फरशी 25 मिलिमीटर उचलावी लागते. उंची वाचवण्यासाठी स्लॅबला खाचा पाडणे किंवा तुळईला भोक पाडणे हा धोक्याचा मार्ग होय, कारण त्यात सळया कापल्या जातात. अधिक उथळ ट्रॅप घेणे हाही उपाय नव्हे. 50 मिलिमीटरपेक्षा कमी पाणी उन्हाळ्यात लवकर सुकते आणि दुर्गंधी सुरू होते.

उंचावलेल्या फरशीखालील भराव हा वेगळाच प्रश्न आहे. सुमारे 170 मिलिमीटर जाडीचा वीटतुकड्यांचा भराव दर चौरस मीटरला 300 किलोच्या आसपास भरतो. निवासी खोल्यांच्या स्लॅबसाठी माणसे व सामानाचा भार म्हणून साधारण 200 किलो धरलेले असतात. म्हणून सिपोरेक्ससारख्या हलक्या ठोकळ्यांचे तुकडे वापरतात. त्यांचा भराव सुमारे 100 किलोचा होतो. आडभिंतही शक्यतो हलक्या ठोकळ्यांची व तुळईच्या रेषेवर घेतात.

निकासाची जोडणी

दोन नळ्यांची व्यवस्था असलेल्या घरात कमोडची 110 मिलिमीटरची नळी मैल्याच्या उभ्या नळीला व नहाणीची नळी सांडपाण्याच्या नळीला जोडली जाते. मैल्याची नळी थेट चेंबरमध्ये जाते, तर सांडपाण्याची आधी गल्ली ट्रॅपमध्ये. वरील उदाहरणात मैल्याची उभी नळी 1.8 मीटरवर असल्यास 1:40 प्रमाणे 45 मिलिमीटर उतार लागतो व तो भिंतीबाहेर सहज मिळतो. काटकोनी जोडाऐवजी प्रवाहाच्या दिशेने झुकलेला तिरपा जोड घेतात आणि वळणावर साफसफाईचे झाकण ठेवतात.

सर्वांत जवळची म्हणून पावसाच्या पाण्याच्या नळीला नहाणी जोडण्याची चूक वारंवार आढळते. ती नळी गटाराच्या जाळ्याशी जोडलेली नसते, त्यामुळे साबणाचे पाणी उघड्यावर येते. शिवाय मुसळधार पावसात गच्चीचे पाणी उलटून नहाणीतून वर येऊ शकते. उभ्या नळीचे टोक गच्चीच्या वर उघडे असणेही आवश्यक असते. ते बंद असेल तर फ्लशच्या लोंढ्यामागे निर्माण होणारा खेच ट्रॅपमधील पाणी ओढून नेतो. फ्लश करताच नहाणीतून गुडगुड आवाज येणे ही त्याची खूण होय.

भराव टाकण्यापूर्वी नळ्यांची तोंडे बंद करून त्या पाण्याने भरून पाहतात. जलरोधक थरावरही पाणी साठवून 48 तास ठेवतात व खालच्या खोलीचे छत तपासतात. फरशी बसल्यावर ही चूक शोधायची, तर सारे पुन्हा फोडावे लागते.

वायुवीजन

महाराष्ट्रातील बांधकाम नियमांत स्नानगृहाला बाहेरच्या हवेत उघडणारा किमान 0.3 चौरस मीटरचा झरोका अपेक्षित असतो. शयनगृहात उघडणारा झरोका ही गरज भागवत नाही. दमट हवा त्यामुळे खोलीतच येते व कपाटामागील भिंतीला बुरशी धरते. लहान स्नानगृहाला 150 मिलिमीटरचा निष्कासक पंखा पुरतो, पण आत येणाऱ्या हवेसाठी दाराखाली 15 ते 20 मिलिमीटर फट हवी. फट नसल्यास पंखा चालतो तरी वाफ हटत नाही.

गॅसवर चालणारा गिझर अशा स्नानगृहात बसवू नये. बंद जागेत प्राणवायू कमी पडून ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि स्नान करणारी व्यक्ती दार आतून बंद असतानाच बेशुद्ध पडते. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावून केवळ गरम पाण्याची नळी आत आणली जाते, किंवा विजेचा गिझर वापरला जातो.