‘न’ दिसला म्हणजे नकार नव्हे

पॅरिसमधल्या एखाद्या भाडेकरूने घरमालकाला थंडीच्या तोंडावर पत्र लिहिले आहे, असे समजू. मजकूर तीनच वाक्यांचा आहे. घर गरम ठेवण्याची सोय बंद आहे, आपल्याकडे एकच छोटा हीटर आहे आणि गोठवणारी थंडी पडण्याआधी दुरुस्ती करा. बोलण्यात ही वाक्ये अशी येतील : ‘ऑं आ पा द शोफाझ. झे कं पती राद्यातर. रेपारे आवां किल झेल.’ ऐकणाऱ्याला काहीही खटकणार नाही. पण हीच वाक्ये जशीच्या तशी कागदावर उतरली, तर पहिल्या दोन ठिकाणी फ्रेंच शिक्षकाची लाल शाई हमखास पडेल. तिसऱ्या वाक्यात चूक नाही, तरीही मुरलेला लेखक तिथे एक अक्षर वाढवील. तिन्ही जागी गाळलेला शब्द एकच आहे, तो म्हणजे ‘न’.

फ्रेंचमधला हा ‘न’ लॅटिनमधल्या ‘नोन’पासून आला. आपला आणि संस्कृतचा ‘न’ही त्याच जुन्या घराण्यातला. जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाआधी हा ‘न’ ठेवला की नकार पुरा होत असे. पण त्याचा उच्चार इतका हलका, की त्याला जोर देण्यासाठी लोक मागे छोट्या छोट्या गोष्टींची नावे जोडू लागले. एक पाऊलही चालत नाही, एक कणही खात नाही, एक थेंबही पीत नाही. पावलासाठीचा शब्द ‘पा’, पावाच्या कणासाठी ‘मी’, थेंबासाठी ‘गुत’. त्यांतला ‘पा’ टिकला आणि पावलाशी काही संबंध नसलेल्या क्रियापदांनाही चिकटला. पुढे खरा नकार ‘पा’नेच उचलला आणि ‘न’ नुसता सोबतीला उरला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली ही वाटचाल नीट मांडून दाखवली.

म्हणूनच आज बोलण्यात ‘न’ गळतो आणि तरी अर्थ जात नाही. ‘मला ठाऊक नाही’ हे औपचारिक भाषेत ‘झ न से पा’, तर घरात आणि रस्त्यावर ‘झ से पा’. हे अडाणीपणाचे लक्षण नाही. सुशिक्षित माणसेही गप्पांत असेच बोलतात, आणि विल्यम अ‍ॅशबी या अभ्यासकाने तूर शहरात 1976 आणि 1995 मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणांची तुलना केली तेव्हा बोलण्यातला ‘न’ आणखी घटलेला आढळला. अर्ज, परीक्षेची उत्तरपत्रिका, वर्तमानपत्रातला लेख किंवा कार्यालयीन पत्र मात्र त्याला सोडायला तयार नाही.

पत्रातले पहिले वाक्य विशेष फसवे आहे. ‘ऑं’ म्हणजे बोलीतला ‘आपण’ किंवा ‘आम्ही’. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ‘एन’ हे अक्षर असते. एरवी ते नाकात विरते, पण पुढच्या शब्दाची सुरुवात स्वराने झाली की त्याचा ‘न’ स्पष्ट ऐकू येतो. त्यामुळे ‘ऑं आ पा’ हे उच्चारताना ‘ऑं ना पा’ असेच होते, आणि मध्ये नकाराचा खरा ‘न’ लिहिला तरी उच्चार तोच राहतो. कानाला फरक कळत नाही, म्हणून हात चुकतो. चांगले शिकलेले फ्रेंच लोकही इथे घसरतात.

यावर शाळेत शिकवतात तो उपाय सोपा आणि खात्रीचा आहे. ‘ऑं’ काढून त्या जागी ‘इल’ म्हणजे ‘तो’ ठेवायचा. ‘इल आ पा’ आणि ‘इल ना पा’ हे दोन उच्चार वेगळे आहेत. औपचारिक वाक्यात दुसरा हवा हे लगेच कळते, म्हणजे मूळ वाक्यातही ‘न’ लिहायला हवा. उलट वाक्य होकारार्थी असेल, तर ‘इल आ’ एवढेच पुरते आणि ‘न’ घुसडायचा मोह टळतो.

दुसरे वाक्य शुद्ध केले की होते ‘झ ने कं पती राद्यातर’. यात ‘न’ आहे, पण ‘पा’ नाही. ‘न’ आणि ‘क’ ही जोडी नकार देत नाही, मर्यादा घालते : माझ्याकडे एकच छोटा हीटर आहे. मराठीत आपण ‘एका हीटरशिवाय माझ्याकडे काही नाही’ असेही म्हणतो. त्या वाक्याचा सांगाडा फ्रेंचच्या अगदी जवळचा आहे. नवशिका मात्र ‘न’ पाहून सवयीने ‘पा’ जोडतो. तसे केले की अर्थ फिरतो : माझ्याकडे एकच हीटर आहे असे नाही, आणखीही आहेत. मदत मागणाऱ्या भाडेकरूची बाजू एका शब्दाने लंगडी पडते.

या रचनेत सगळी नजर ‘क’च्या जागेवर ठेवावी लागते, कारण त्याच्या लगेच पुढे जे येते त्यालाच मर्यादा पडते. ‘झ न शोफ क ला शांब्र ल स्वार’ म्हणजे संध्याकाळी मी झोपायचीच खोली गरम करतो, बाकीच्या नाही. ‘झ न शोफ ला शांब्र क ल स्वार’ म्हणजे झोपायची खोली मी संध्याकाळीच गरम करतो, दिवसा नाही. मराठीत ‘च’ एका शब्दावरून उचलून दुसऱ्याला लावावा, तसेच हे. फरक एवढाच की आपला ‘च’ शब्दाच्या मागे लागतो आणि फ्रेंच ‘क’ पुढे उभा राहतो.

आता तिसरे वाक्य. ‘आवां क’ म्हणजे ‘च्या आधी’, आणि त्यामागे क्रियापद संभाव्यतेच्या रूपात येते. ‘आवां किल झेल’ हे व्याकरणाने बरोबर आहे. जपून लिहिणारा मात्र ‘आवां किल न झेल’ लिहितो. अर्थात तसूभरही फरक पडत नाही. या ‘न’ला वैयाकरण अर्थशून्य, भरीचा ‘न’ मानतात. पण तो उगाच आलेला नाही. थंडी अजून पडलेली नाही आणि पडू नये असे लिहिणाऱ्याला वाटते, ती ‘नाही’ची छाया वाक्यावर पडली आहे. आपणही ‘थंडी पडत नाही तोवर दुरुस्ती करून घ्या’ म्हणतोच. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने 1901 च्या आदेशात परीक्षांमध्ये असा ‘न’ गाळला तरी चालेल अशी सवलत दिली. म्हणजे तो सक्तीचा नाही. तो लेखनाच्या रीतीचा भाग आहे, आणि औपचारिक पत्रात तो शोभतो.

खरा धोका या ‘न’चा अर्थ ‘नाही’ असा लावण्यात आहे. भाडेकरूने पुढे लिहिले, ‘झ क्रॅं क ले त्वियो नेक्लात’, तर त्याला पाण्याचे नळ फुटण्याची भीती वाटते. इथला ‘न’ही भरीचाच. पण वाक्य अधिक शुद्ध करण्याच्या नादात शेवटी ‘पा’ लावला, की अर्थ होतो : नळ फुटणार नाहीत अशी मला भीती वाटते. भीती दाखवणाऱ्या क्रियापदांनंतर ‘पा’ आहे की नाही, हे आधी पाहावे आणि मगच मराठीत अर्थ लावावा. आणखी एक कुंपण लक्षात ठेवावे लागते. ‘सां क’, म्हणजे ‘तसे न होता’, यात नकार आधीच सामावलेला असल्यामुळे त्यानंतर भरीचा ‘न’ लिहू नये असे फ्रेंच अकादमीचे म्हणणे आहे. ‘आवां क’ला लागलेली सवय तिथेही ओढून नेणारे लेखक फ्रान्समध्ये पुष्कळ आहेत.