‘ए ग्रेड, आय 7, 1 वर्ष वॉरंटी’: रिफर्बिश्ड लॅपटॉपच्या शीर्षकातले चार गैरसमज

कॉलेजं सुरू व्हायच्या सुमारास पुण्यातल्या वारजे-माळवाडी आणि कर्वेनगरात लॅपटॉपची शोधाशोध सुरू होते. नवा घेणं परवडत नसेल, तर रिफर्बिश्डकडे वळणं शहाणपणाचंच आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात, जुने एकगठ्ठा विकतात आणि ते व्यापाऱ्यांमार्फत शहरातल्या दुकानांत येतात. ऑफिससाठी बनवलेली ही मशीन मजबूत असतात. गिऱ्हाईक फसतं ते बहुतेकदा जाहिरातीच्या शीर्षकामुळे. नमुन्यादाखल रचलेलं हे एक शीर्षक पाहा:

‘डेल लॅटिट्यूड 7480, आय 7, ए प्लस ग्रेड, रॅम 16 जीबीपर्यंत, 1 वर्ष वॉरंटी’

यातला एकही शब्द खोटा नसेल, तरीही घेणाऱ्याचा चार ठिकाणी गैरसमज होऊ शकतो.

गैरसमज 1: ए ग्रेड म्हणजे आतून-बाहेरून उत्तम

वस्तुस्थिती: ग्रेड बहुधा फक्त बाहेरच्या रूपाची असते. झाकणावरचे ओरखडे, घासून चकाकणारी बटणं, स्क्रीनवरचे डाग यांवरून ती ठरते. शिवाय सगळ्या दुकानांना बांधील असं ग्रेडचं एकच माप नाही. एकाचा ‘ए’ दुसऱ्याकडे ‘बी’ असू शकतो आणि ‘ए प्लस’ तर प्रत्येकाच्या मनावर आहे. म्हणून ग्रेडच्या अक्षरापुढे कारण लिहिलेलं हवं: ‘बी ग्रेड, झाकणावर दोन ओरखडे, स्क्रीन स्वच्छ’. झाकणावर नवंकोरं स्किन चिकटवलेलं असेल, तर त्याखाली काय आहे ते विचारा.

बॅटरीबद्दल ग्रेड सहसा काहीच सांगत नाही. ती दुकानातच तपासता येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

अहवालाची फाइल कुठे साठवली, ते लगेच खाली दिसतं. ती उघडून `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे दोन आकडे पाहा. पहिला 60,000 आणि दुसरा 39,000 असेल, तर बॅटरीची मूळ क्षमता 65 टक्के उरली आहे. बाजारातली स्वस्त बदली बॅटरी कधीकधी चुकीचे आकडे कळवते. त्यामुळे चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ लावा आणि टक्के किती उतरतात तेही बघा.

गैरसमज 2: आय 7 नेहमीच आय 5 पेक्षा वेगवान

वस्तुस्थिती: ‘आय 7’ हे अर्धंच नाव आहे. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. लॅटिट्यूड 7480 मध्ये `i7-6600U` हा प्रोसेसर मिळतो. त्यातला 6 म्हणजे सहावी पिढी, आणि याला कोअर आहेत दोन. याच मालिकेतल्या पुढच्या 7490 मध्ये `i5-8350U` मिळतो. तो आठव्या पिढीचा आहे आणि त्याला चार कोअर आहेत. एकाच वेळी ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर चालवताना हा आय 5 त्या आय 7 ला सहज मागे टाकतो.

पिढी ओळखायला रेघेनंतरचा पहिला अंक बघायचा. तो 1 असेल तर पहिले दोन अंक मिळून वाचायचे: `i5-1135G7` हा अकराव्या पिढीचा प्रोसेसर आहे.

पिढीचा प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. इंटेलच्या बाबतीत विंडोज 11 ला अधिकृत पाठिंबा साधारण आठव्या पिढीपासून पुढे आहे, आणि विंडोज 10 चा नेहमीचा मोफत पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. सहाव्या पिढीच्या मशीनवर विंडोज 11 आडवाटेने टाकून दिलेलं असू शकतं. ते आज चालेलही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही.

गैरसमज 3: 16 जीबी लिहिलंय म्हणजे 16 जीबी आहे

वस्तुस्थिती: ‘पर्यंत’ हा शब्द रॅम किती वाढवता येईल ते सांगतो. आत 8 जीबीच असेल आणि उरलेल्याचे पैसे वेगळे पडतील. दुसरा घोळ ‘मेमरी’ या शब्दाचा. ‘मेमरी 256 जीबी’ असं लिहिलं असेल, तर ती फाइल साठवायची जागा, म्हणजे एसएसडी. कामाच्या वेळी लागते ती रॅम. दोन्ही आकडे वेगळे आणि आपापल्या नावानिशी हवेत.

टास्क मॅनेजर उघडून `Performance` आणि मग `Memory` वर क्लिक केलं, की बसवलेली रॅम दिसते. तिथेच `Slots used: 1 of 2` असं दिसलं, तर एक जागा रिकामी आहे आणि रॅम पुढे वाढवता येईल. काही पातळ मॉडेलांत, उदाहरणार्थ थिंकपॅड एक्स 1 कार्बनमध्ये, रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. तिथे आज घेतलेली रॅम शेवटपर्यंत तेवढीच राहते.

गैरसमज 4: 1 वर्ष वॉरंटी म्हणजे कंपनीची, सगळ्याची

वस्तुस्थिती: मूळ कंपनीची वॉरंटी पहिल्या विक्रीपासून मोजली जाते, त्यामुळे इतक्या जुन्या मशीनवर ती सहसा संपलेली असते. डेलच्या मशीनखाली सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला, की ती कधी संपली ते कळतं. शीर्षकातलं वर्ष दुकानदार देतो, आणि बॅटरी, चार्जर व स्क्रीन त्यातून अनेकदा वगळलेले असतात. म्हणून आधी विचारा: वॉरंटी कोण देतं, कोणत्या भागांवर, दुरुस्ती दुकानात आणून की घरी येऊन, आणि दुरुस्त झालंच नाही तर बदलून मिळणार की पैसे परत?

आता तेच मशीन सरळ शब्दांत मांडू:

‘रिफर्बिश्ड डेल लॅटिट्यूड 7480, बी ग्रेड (झाकणावर ओरखडे, स्क्रीन स्वच्छ), `i7-6600U` सहावी पिढी, रॅम 8 जीबी (एक जागा रिकामी), एसएसडी 256 जीबी, बॅटरी 65 टक्के, दुकानाची वॉरंटी 1 वर्ष, बॅटरी वगळून’

शीर्षक लांबलं आणि किंमतही कदाचित उतरवावी लागेल. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट गिऱ्हाईकाला दुकानात उभ्या उभ्या पडताळता येते. ज्याला फक्त लिहिणं-वाचणं करायचंय, तो हे मशीन समजून-उमजून घेईल; ज्याला चार वर्षं प्रोग्रॅमिंग करायचंय, तो आठव्या पिढीचं मागेल. दुकानदारालाही परत येणारी मशीन आणि वाद कमी सोसावे लागतील.

कायदाही इथे गिऱ्हाईकाच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं आणि योग्य चाचणी न करताच मालाच्या टिकाऊपणाची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हेही त्यातच मोडतं. म्हणून शीर्षकातला मजकूर, मशीनचा सिरियल नंबर आणि वॉरंटीच्या अटी बिलावर लिहून घ्या. दुकानदाराने नकार दिला, तर पैसे देण्याआधीच थांबा. खरेदीनंतर वाद झाला आणि तोडगा निघाला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे तक्रार नोंदवताना हेच बिल तुमचा पुरावा ठरेल.