दहा सेकंदांचा वक्र

९ व्होल्टच्या बॅटरीला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडा, कपॅसिटरवर मल्टिमीटर लावा. आकडा आधी झपाट्याने चढतो, मग रेंगाळतो. कारण कपॅसिटर भरत जातो तसा रेझिस्टरच्या वाट्याला कमी व्होल्टेज येतो आणि प्रवाह मंदावतो. दोन्ही किमतींचा गुणाकार १० सेकंद, हाच कालस्थिरांक. तेवढ्यात ६३ टक्के, म्हणजे ५.७ व्होल्ट होतात. बॅटरी काढून त्याच रेझिस्टरमधून पूर्ण भरलेला कपॅसिटर रिकामा करू लागलात, तर दहा सेकंदांनी ३.३ व्होल्ट उरतात.

चार्जिंगच्या आलेखात ५.७ व्होल्ट १२ सेकंदांवर दिसले, तर बहुधा कपॅसिटरच १२०० मायक्रोफॅरडच्या आसपास आहे. इलेक्ट्रोलिटिक प्रकारात छापील किमतीपासून वीस टक्के फरक नेहमीचाच.