हॅकची बातमी आणि बिटकॉइनचा आलेख

2 ऑगस्ट 2016 रोजी बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून 1,19,756 बिटकॉइन चोरीला गेले. बातमी फुटताच सुमारे 600 डॉलरवरचा भाव काही तासांत 500 च्या खाली कोसळला. दोन-तीन दिवसांत तो पुन्हा 550 च्या वर होता आणि वर्षअखेरीस 900 च्याही पुढे गेला. घाबरून तळाशी विकणाऱ्यांनी बाजारातला सर्वांत वाईट भाव पदरात पाडून घेतला.

पहिली उभी लाल मेणबत्ती एवढी लांब होते, कारण खरेदीदार आपल्या ऑर्डरी मागे घेतात आणि उधारीवर घेतलेले सौदे आपोआप विकले जातात. ही सक्तीची विक्री संपली की भाव बहुधा थोडा सावरतो. मात्र पुढची दिशा आधीचा कलच ठरवतो. 2014 मध्ये माउंट गॉक्स बुडाले तेव्हा भाव आधीच उतरणीला लागला होता. तो 2015 च्या जानेवारीपर्यंत घसरतच राहिला.

म्हणून आधी पाहायचे ते आपली नाणी कुठे आहेत हे. ती स्वतःच्या वॉलेटमध्ये असतील, तर चोरीची झळ थेट लागत नाही. त्याच एक्स्चेंजवर असतील, तर खरा धोका भावाचा नसून पैसे अडकण्याचा असतो. बिटफिनेक्सने सर्व खातेदारांच्या शिलकीत 36 टक्के कपात केली होती. पैसे काढणे सुरू असेल, तर नाणी विकण्याऐवजी बाहेर हलवणे शहाणपणाचे. मात्र त्यासाठी दुवा बातमीतून किंवा ईमेलमधून उघडू नये. अशा वेळी बनावट संदेशांचा सुळसुळाट असतो.